शेवटच्या पानासहित रजेचा अर्ज

बाईंची रजा मंजूर झाली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू या, कारण गुरुवारी मधल्या सुट्टीत अर्ज अजून हेडसरांच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होता. पेपरवेट काचेचा होता आणि अडथळा मी होतो.

बाई गणिताच्या. सत्तावीस वर्षं मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवून घशात गाठी झाल्या. सोमवारी ऑपरेशन, नंतर सहा आठवडे विश्रांती. डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडलेलं. बोलायला आत्ताच बंदी होती, म्हणून बाई चिठ्ठ्यांवर बोलत. शब्दाखाली एक रेघ म्हणजे ठणकावणं, दोन रेघा म्हणजे ओरडणं.

अर्ज तीन पानांचा. पहिल्यावर रजेच्या तारखा. दुसऱ्यावर कामाची सोपवणूक: कुठल्या वर्गाचा कुठला धडा कुठवर आला, घटक चाचणी कधी, प्रश्नपत्रिका सीलबंद करून परीक्षा विभागाकडे दिल्याची नोंद, पायरीनुसार गुण दिलेली उत्तरसूची, तपासलेल्यांपैकी दहा पेपर दुसऱ्या शिक्षकाला दाखवावेत, गुण आठ दिवसांत द्यावेत. आठवी आणि दहावीपुढे ते वर्ग सांभाळणाऱ्यांच्या सह्या होत्या. नववी ‘ब’पुढचा रकाना कोरा.

तो माझा होता. मी सहावीला शिकवतो. नववीला शिकवायची पात्रता कागदावर होती, छातीत नव्हती. शिवाय मी याच शाळेच्या नववी ‘ब’चा माजी विद्यार्थी. तिथल्या भिंतींना माझे गुण माहीत आहेत.

“सही नाही तर रजा नाही,” हेडसर म्हणाले. “वर्ग वाऱ्यावर सोडता येत नाही.”

बाईंनी चिठ्ठी सरकवली: ‘मग ऑपरेशन पुढे ढकलते.’ रेघ एकही नव्हती. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, आता ढकललंत तर आवाज कायमचा जाईल.

“आणि हे तिसरं पान काढा,” हेडसर म्हणाले. “‘दुसऱ्या रांगेतल्या मुलीला उत्तर येतं पण ती हात वर करत नाही, फळ्याकडे तोंड करून विचारावं.’ हा अर्ज आहे की पत्र?”

बाईंनी लिहिलं: ‘मागच्या वेळी चाललं होतं. बारा वर्षांपूर्वी, पाय मोडला तेव्हा. फाइल बघा.’

“जा रे, बघून ये,” हेडसर मला म्हणाले. सही न करणाऱ्याला निदान पळवावं, असा हिशेब असावा.

रेकॉर्डच्या खोलीत तुटके बाक रचलेले होते. माझा खिडकीजवळचा बाकही त्यातच. कर्कटकाने कोरलेलं बदक अजून पोहत होतं. बारा वर्षांपूर्वी बाईंच्या जागी सहा आठवडे एक चष्मेवाले सर आले होते. सगळी शाळा त्यांना रडवायची. मी मात्र विनोद केला की सर खो-खो हसायचे आणि मग तेच गणित नव्यानं सांगायचे. शाळेत माझ्या विनोदाला हसलेला तो एकमेव मोठा माणूस. त्या सहा आठवड्यांच्या जोरावर मी आयुष्यभर स्वतःला विनोदी समजत आलो.

फाइल सापडली. जुन्या अर्जाच्या तिसऱ्या पानावर, बाईंच्या त्याच तिरप्या अक्षरात:

‘खिडकीजवळचा (मी त्याला अपूर्णांक म्हणते) विनोद करतो तेव्हा त्याला गणित कळलेलं नसतं. आधी हसावं. मग पुन्हा सांगावं.’

मी बदकाशेजारी बसलो. जरा वेळ. आमचं दोघांचंही काही खास चाललं नव्हतं.

खाली येऊन फाइल टेबलावर ठेवली. हेडसरांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं.

“हा अपूर्णांक तूच की काय?”

“आता पूर्ण झालोय सर. दशांश चिन्हानंतर थोडंसं राहिलंय.”

कोणी हसलं नाही. मग बाई हसल्या. आवाज न करता, खांदे हलवत. आणि लगेच पेन उचलून नववी ‘ब’चं वेळापत्रक पहिल्यापासून मला समजावू लागल्या. माझा विनोद झाला होता, म्हणजे मला काही कळलेलं नव्हतं. त्यांचं बरोबर होतं.

मी सही केली. हेडसरांनी पेपरवेट उचलला आणि ‘मंजूर’ लिहिलं. “तिसरं पान राहू दे,” ते म्हणाले, “पण पाकिटात घालून याच्याच हाती द्या. मुलांचं खासगी असतं.”

निघताना बाईंनी शेवटची चिठ्ठी दिली: ‘हसायला विसरू नकोस.’ दोन रेघा.

त्याच संध्याकाळी मी हेडसरांच्या टेबलावर माझाही अर्ज ठेवला:

‘विषय: बदलीबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, बाई हजर झाल्याच्या दिवसापासून माझी बदली नववी ‘ब’मध्ये, खिडकीजवळच्या बाकावर, विद्यार्थी या पदावर करण्यात यावी. बाक रेकॉर्डच्या खोलीत उपलब्ध आहे. बदक सोबत जोडले आहे.’