त्र्याऐंशीव्या पानाची भाषा

तात्याबुवांचं गाठोडं उघडलं तेव्हा त्यातून कापराचा वास आला. दोनशे चौदा सुटी पानं, निळी-काळी शाई, आणि अक्षर असं की कीर्तनाला उभं राहण्यापूर्वी घाईघाईनं उपरणं सावरावं तसं. पूर्वरंगाच्या सुरुवातीला संस्कृत श्लोक, मग मराठी निरूपण, मध्येच हिंदी दोहा, त्याखाली पुन्हा मराठी. बुवांनी आयुष्यभर तीन भाषांत देवाला हाका मारल्या आणि तिन्ही एकाच टाकानं लिहून ठेवल्या. वाचणाऱ्याचं काय होईल याचा विचार त्यांनी केला नव्हता. स्वतःला वाचता आलं की झालं.

पण बुवा जाऊन आता एकोणीस वर्षं झाली होती, आणि वाचणार होत्या त्यांच्या कन्या सुहासिनीबाई. वय अडुसष्ट. दोन वर्षांपूर्वी डोळ्याचा पडदा बिघडला. बघतील तिथंच मधोमध राखाडी डाग दिसायचा. अंगठ्याएवढं छापील अक्षर तेवढं लागायचं. बुवांच्या पुण्यतिथीला पेठेतल्या विष्णूच्या देवळात त्या आयुष्यात पहिल्यांदा कीर्तनाला उभ्या राहणार होत्या, आणि आख्यान लावणार होत्या वडिलांचंच, नावाड्याचं. तिथीला अकरा दिवस उरले होते. मोठ्या अक्षरातली प्रत हातात आल्याशिवाय पाठ होणार नव्हतं.

म्हणून गाठोडं सदाशिव पेठेतल्या, दाताच्या दवाखान्यावरच्या त्या दोन खोल्यांत आलं. इथं जुने कागद स्कॅन करून त्यांचा मजकूर संगणकात उतरवत. काम आम्रपालीकडे आलं. धायरीहून स्कूटरवर येणारी, कमी बोलणारी, पानाला हात लावण्यापूर्वी दोन्ही हात पुसणारी मुलगी. घरी तिच्या आजोबांच्या वह्या होत्या, पाली वंदना आणि मराठी अर्थ शेजारी शेजारी लिहिलेल्या. त्यामुळे एका पानात दोन भाषा नांदतात याचं तिला नवल नव्हतं.

पानं स्कॅन झाली. हस्ताक्षर वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं सुरुवातीलाच विचारलं : मजकुराची भाषा कोणती? यादीत मराठी होती, हिंदी होती, संस्कृत होती, आणि 'आपोआप ओळखा' असाही एक पर्याय होता.

"सर, काय ठेवू?"

तिथलं काम बघणारे अनंत सर चहाचा कप शोधत होते. "लिपी देवनागरीच ना? मग हिंदी ठेव. त्याला हिंदीचा सराव जास्त आहे."

"पण निम्म्याहून जास्त मराठी आहे."

"अक्षरं तीच आहेत गं. 'क' काय पुण्यात वेगळा काढतात?"

आम्रपालीनं हिंदी ठेवली. दोनशे चौदा पानं दीड तासात वाचून झाली, आणि आख्यानाची वीस पानं ठळक अक्षरात छापून त्याच संध्याकाळी बाईंच्या घरी पोचवली.

दुसऱ्या दिवशी बाई जिना चढून आल्या. खुर्चीवर बसल्या, दम घेतला, आणि कागद पुढे टाकला.

"हे 'डोले मिटून' काय आहे? आमचे तात्या डोळे मिटायचे. डोले मिटायला ते काय मोहरमात होते?"

आम्रपालीनं कागद ओढून घेतला. 'वेळ'चा 'वेल' झाला होता, 'टाळ'चा 'ताल', 'पाणी' सगळीकडे 'पानी'.

"चूक माझी आहे, ताई. भाषा हिंदी ठेवली होती."

"म्हणजे मशीन हिंदी माणसासारखं वाचतं?"

"अक्षर स्पष्ट असलं तर दिसतं तेच वाचतं. शंका आली की मात्र जी भाषा सांगितली तिच्यातला ओळखीचा शब्द घेतं. हिंदीत 'ळ' जवळजवळ नाहीच. तुमच्या वडिलांचा 'ळ' आणि 'ल' दिसायला सारखे. मग त्यानं 'ल' धरला."

"तात्यांचा 'ळ' त्यांच्या गुरूंनाही कधी लागला नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा राग जिन्यातच निम्मा उतरला असावा.

"मग 'आपोआप' ठेव," अनंत सर आतल्या खोलीतून म्हणाले.

आम्रपालीनं पाच पानांवर ते करून पाहिलं. पण लिपी एकच, तेव्हा नुसत्या अक्षरावरून भाषा कळणार कशी? त्या प्रोग्रॅमनं बहुधा पानाच्या पहिल्या ओळी पाहून ठरवलं. वर श्लोक असला की खालच्या साध्या मराठी गप्पाही संस्कृत समजून वाचल्या, आणि निरूपणातल्या नुसत्या 'आता'लाही शेवटी विसर्ग चिकटवला. सगळं मराठी ठेवलं तेव्हा मराठी निरूपण सुरेख आलं, पण श्लोकातला 'सोऽहम्' होता तो 'सोड हम' झाला.

बाई हसल्या. "तो मी, म्हणायचं, तर हे म्हणतंय सोडा आम्हाला. वेदान्त तोही आहे म्हणा एक."

शेवटी आम्रपालीनं लांबचा रस्ता धरला. प्रत्येक पानावर चौकटी आखल्या : श्लोकाला एक, निरूपणाला एक, दोह्याला एक. ज्या चौकटीत जी भाषा, तिला तीच नेमून दिली. चार दिवस गेले. अनंत सर दोनदा घड्याळाकडे आणि एकदा तिच्याकडे बघून गेले. श्लोकांत अवग्रह आले, दोह्यांत 'में' आणि 'है' जागेवर बसले, निरूपणात 'ळ' परत आला. बाईंकडे नवी प्रत गेली, आणि त्या पाठ करायला बसल्या.

तीन दिवस उरले असताना बाई पुन्हा जिना चढून आल्या. या वेळी कागद टाकला नाही, मांडीवर धरून बसल्या.

"त्र्याऐंशीवं पान," त्या म्हणाल्या. "कथा तुला सांगते. नावाडी म्हातारा झालाय. जन्मभर लोकांना पैलतीरी सोडलं, स्वतः देवाचं नाव घ्यायला वेळ नाही. एक दिवस तो घरी येतो, आणि बायको सांगते, कुणीतरी येऊन गेलं. तिथं हे छापलंय. वाच."

आम्रपालीनं वाचलं.

"बायको : काळ आला होता. नाव हवी म्हणाला. नावाडी : काळ आला होता? बायको : हो. मी म्हटलं, थांबा जरा, ते आले की येतील तुमच्याबरोबर."

"बघ आता. बाईला ठाऊक आहे की दारात काळ आलाय. आणि ती त्याला सांगते, थांबा, नवरा येईल तुमच्याबरोबर! इतकी विटली होती का ती संसाराला?"

आतून अनंत सरांचं हसू ऐकू आलं. बाई हसल्या नाहीत.

"मी आठ-नऊ वर्षांची असेन. तात्यांच्या मागे टाळ धरून उभी राहायचे. या जागी माणसं हसायची. मोठ्यानं. आणि पुढच्या क्षणी सभामंडप असा गप्प व्हायचा की समईची वात तडतडलेली ऐकू यायची. आख्यानाचा जीवच तो. शब्द काय होते ते मला आठवत नाही गं. मी टाळ सांभाळत होते. आता हे वाचते, तर हसू कशाचं आणि गप्प कशानं, काही कळत नाही. हे कळलं नाही तर मी उभी राहणार नाही. दुसरं कुणी नारदाच्या गादीवर उभं करा; मी घरी दिवा लावीन."

आम्रपालीनं मूळ पान पडद्यावर मोठं केलं. दोन्ही जागी 'का'च्या पुढे एक गाठ मारल्यासारखं अक्षर. 'ल' म्हणाल तर 'ल', 'ळ' म्हणाल तर 'ळ'.

"मराठीनं दोन्हीकडे 'काळ' का धरलं?" बाईंनी विचारलं.

"'काळ आला होता पण वेळ आली नव्हती,' असं आपण म्हणतोच ना. 'आला होता'च्या आधी काय येतं, हे त्यालाही ठाऊक असणार. म्हणून."

"आणि आधीच्या हिंदीनं?"

पहिलं वाचन आम्रपालीनं पुसलं नव्हतं. तिनं ते उघडून दुसऱ्याच्या शेजारी ठेवलं. दोन वाचनांत जिथं जिथं फरक होता तिथं पिवळा पट्टा उमटला. त्या संवादावर दोन पट्टे होते.

"हिंदीत दोन्हीकडे 'काल' आहे."

"आला होता काल. नाव हवी म्हणाला. ते तर अगदीच मिळमिळीत. वाच बरं दोन्ही. मला दिसत नाही, तू वाच. आधी हिंदीतलं."

आम्रपाली काही नाटकी वाचणारी मुलगी नव्हती. हिंदीच्या रकान्यावर बोट ठेवून तिनं सपाट आवाजात बायकोची ओळ वाचली.

"काल आला होता. नाव हवी म्हणाला."

मग खालच्या ओळीकडे जाताना तिची नजर सरकली आणि बोट शेजारच्या, मराठीच्या रकान्यात पडलं.

"काळ आला होता?"

"हो," बाई आपोआप म्हणाल्या, "मी म्हटलं, थांबा जरा..."

आणि त्या हसल्या. मान मागे टाकून, खिदळणाऱ्या पोरीसारख्या. अनंत सर दारात येऊन उभे राहिले. "ते आले की," बाई हसत हसत म्हणाल्या, "ते आले की येतील तुमच्या..." आणि वाक्य तिथंच राहिलं. खाली दवाखान्यात यंत्राची घरघर चालू होती. बाईंनी पदर तोंडाला लावला.

पदर बाजूला करून त्या म्हणाल्या, "तिला माहीतच नाही. ती बिचारी कालचं सांगतेय. 'काळ' ऐकलं फक्त त्यानं."

आम्रपालीनं पान आणखी मोठं केलं. नावाड्याच्या ओळीत गाठीवर शाई किंचित दाट होती. टाक दुसऱ्यांदा वळला असावा. बायकोच्या ओळीत तो वळला नव्हता. एवढाच पुरावा. खात्री म्हणावी एवढा नव्हता, तसं तिनं बाईंना सांगितलं.

"पुरे आहे," बाई म्हणाल्या. "उरलेला माझ्याकडे आहे."

"मग या पानाला भाषा कोणती ठेवलीस?" अनंत सरांनी विचारलं. नोंदवहीत भाषेचा रकाना भरावा लागे.

"मराठीच. या दोन शब्दांना कुठलीच नाही, ते हातानं टाकलेत. शेऱ्यात तसं लिहिते."

"आणि खालचा दोहा?" बाईंनी विचारलं. "'काल खड़ा है घाट पर, नाव न बाँधे कोय.' तिथं?"

"तिथं हिंदी आहे, ताई. हिंदीतला 'काल' म्हणजे आपला काळच."

"म्हणजे बायकोचा शब्द नावाड्याच्या तोंडी फिरतो, आणि दोहा पुन्हा तोच शब्द बायकोसारखा उच्चारतो." बाईंनी हात जोडले, ते पडद्याकडे वळून. "तात्या, एवढं सगळं केलंत, आणि 'ळ' तेवढा नीट काढला नाहीत."

तिथीच्या संध्याकाळी देवळात पन्नासेक माणसं होती. आम्रपाली मागच्या खांबाजवळ बसली. बाईंनी कागद हातात घेतलाच नाही. पूर्वरंग थोडा अडखळला, एका श्लोकात त्या दोनदा मागे आल्या. उत्तररंगात आवाज मोकळा झाला. "काल आला होता," बाईंची नावाडीण म्हणाली, कणीक तिंबता तिंबता सांगावं तसं. नावाड्यानं विचारलं. पुढच्या रांगेतले तिघे म्हातारे हसले, मग बायका हसल्या, मागची कॉलेजची पोरं एकमेकांना विचारून जरा उशिरानं हसली. त्यांचं हसू संपायच्या आत बाईंनी पुढचं वाक्य टाकलं. पेटीवाल्याचा हात भात्यावरच राहिला. दोह्याचा सूर त्यानं द्यायचा होता, तो दिला नाही.

बाईंनी सुराविना दोहा सुरू केला.