मापाचे बूट

परदेशी पार्सलांवरचा कर गिऱ्हाइकांना फोनवर कळवायचं काम कुरियरच्या ऑफिसात ताईकडे होतं. त्या दिवशी तिने एका बाईंना सांगितलं, "तुमचे बूट आलेत. आयात शुल्क आणि इथला कर मिळून साडेचार हजार, पार्सल घेताना द्यावे लागतील."

"मी तर सगळे पैसे भरलेत."

"ते बुटांचे आणि पाठवण्याच्या खर्चाचे. कर विक्रेत्याने त्यात धरलेला नाही."

बाईंनी मग बुटांचं कारण सांगितलं. मुलीचा एक पाय आखूड होता, म्हणून बूट तिच्या मापाने करून घेतले होते. "हे औषधपाण्यासारखंच ना? यावर एवढा कर?"

ताईने कागद पाहिला. विक्रेत्याने नुसतं 'मुलींचे बूट' लिहिलं होतं. "उपचाराचे बूट असं लिहिलं असतं, तर कमी लागला असता. आता आधी भरा, मग डॉक्टरांची चिठ्ठी जोडून परताव्याचा अर्ज करा. चार-सहा महिने जातील."

"आधी भरायलाच तर नाहीत हो. तुम्ही काही कराल?"

"सात दिवस पार्सल ठेवून घेते. त्यापुढे माझ्या हातात काही नाही."

"तुमचा काय दोष," बाई म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर ताईला बरं वाटलं असतं.

सातव्या दिवशी बाईंचाच फोन आला. "परत पाठवून द्या. पैसे जमेपर्यंत तिचा पाय वाढेल, मग बूट काय कामाचे?"

ताईने विक्रेता परतीचा खर्च कापून घेईल हेही सांगितलं. ते सांगणंही तिचंच काम होतं.