दाबून काढलेला ढेकर

साहेबरावांना वर्षभर ढेकरांचा त्रास होता. करमाडच्या वस्तीवर माणूस दिसायच्या आधी त्यांचा ढेकर ऐकू यायचा. जीप चालवणारा धाकटा भाऊ कडुबा म्हणायचा, "दादा म्हणजे पंक्चर ट्यूब, कुठं बी दाबा, हवा निघती." आणि पोटरी दाबली की ढेकर यायचाच. वात पायात उतरतो, तो दाबून वर काढावा लागतो, असा साऱ्या घराचा समज होता.

मागच्या महिन्यात बायको आवडाबाई त्यांना शहरात डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी जेवणाचं विचारलं. साहेबराव शेंद्र्याच्या एका कंपनीत वॉचमन. गेट सोडता येत नाही म्हणून उभ्यानंच डबा, भराभरा घास, वरून गटागटा पाणी, मग बाटलीभर सोडा.

"घासासंगं हवा गिळता तुम्ही," बाई म्हणाल्या. "तीच वर येते. आणि मुद्दाम ढेकर काढताना आधी आणखी हवा आत ओढता. आवडाबाई, दाबा पाय, पण बघा गळ्याकडं."

तिनं दाबलं. हनुवटी पुढं आली, कंठ वरखाली झाला, मग ढेकर आला.

"पायाचा संबंध नाही. सावकाश जेवा, सोडा बंद करा. या ढेकरांची भीती नाही. पण छातीवर दडपण आलं, घाम फुटला, तर ढेकराची वाट बघत बसू नका."

परवा दुपारी साहेबराव ओट्यावर मटकन बसले. छातीवर दगड ठेवल्यासारखं होत होतं. सदरा घामानं भिजला. कडुबानं पोटरी धरली. ढेकर आला.

"निघाला," कडुबा म्हणाला. "बघा वहिनी, गॅसच व्हता."

"हलकं वाटतंय," साहेबराव म्हणाले.

आवडाबाई गळ्याकडं बघत होती. "अहो, आधी हवा गिळली तुम्ही. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाय. भाऊजी, जीप काढा."

"आली मोठी डॉक्टरीण," साहेबराव हसायला गेले, पण हसू मधेच तुटलं.

"अजून एक निघू द्या, मोकळं व्हईल," कडुबा म्हणाला.

आणखी एक निघाला. मग आणखी. दर वेळी आधी कंठ हलायचा, आणि दर ढेकराला दोघा भावांना धीर यायचा. जीप जागेवरच उभी. शेवटी आवडाबाई रस्त्यावर गेली आणि जालन्याकडून येणाऱ्या टेम्पोपुढं उभी राहिली.

टेम्पोत साहेबरावांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. कडुबा पायाशी बसून जोर लावून दाबत होता, "दादा, काढ, एकच काढ."

चिकलठाण्याच्या अलीकडं गाड्या तुंबल्या. आवडाबाईची नजर गळ्यावरच होती. कंठ हलेना. तिनं नाकाशी हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"भाऊजी, पाय सोडा आता," ती म्हणाली.

कडुबा दाबतच राहिला.