स्कीमचं गोत्र

रामघाटावरच्या विष्णुगुरुजींच्या भरवशावर प्रभावतीकाकू पाटल्या विकून आलेले पैसे त्यांनी सुचवलेल्या एका स्कीममध्ये गुंतवायला त्यांच्याकडे घेऊन आल्या. महिन्याला पाच टक्के, तेही गॅरंटीचे. सोबत बँकेत काम करणारी भाची मुक्ता होती.

"गुरुजी, संकल्पाआधी यजमानाचं गोत्र विचारता, मग स्कीमचं विचारलंत? सेबीकडे, रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी आहे? पैसा लावतात कुठे?" मुक्ताने विचारलं.

"ते ठाऊक नाही गं. पण मला मिळतात ना दर महिन्याला."

"कुठून?"

"नवी माणसं जोडली की..." गुरुजी अडखळले.

"म्हणजे माझ्या पाटल्यांतून तुमचा हप्ता?" काकूंनी हळूच विचारलं.

गुरुजींची मान खाली गेली. समोर ठेवलेली पैशांची पुरचुंडी त्यांनी दोन्ही हातांनी काकूंकडे सरकवली. मग ते उठले. ज्यांना स्वतः जोडलं होतं, त्यांच्या दारी आता हे सांगायला जायचं होतं.