लाल चांदणीचे रकाने

थोरल्या मुलाच्या वागण्याचा म्हातारीला मनस्वी संताप आला होता. सख्ख्या आतेबहिणीचा हात इस्त्रीच्या रुळात गेला, पोर इस्पितळात पडली, आणि हा पठ्ठ्या एकदाही तिकडे फिरकला नव्हता. विचारावं तर म्हणे, "आई, मी अपघाताचा रिपोर्ट लिहितोय." लिहितोय कसला! अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा संगणकापुढे बसला होता, आणि पिल्लू काही बाहेर येत नव्हतं.

लाँड्री नवऱ्यामागे तिनेच उभी ठेवली होती. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या, धुऊन, वाळवून, तापलेल्या मोठ्या रुळाखालून इस्त्री होऊन निघायच्या. रुळाच्या तोंडाशी एक लोखंडी पट्टी होती. बोट पट्टीला लागलं की रूळ जागीच थांबायचा. पण चादरीची जाड शिवण लागली तरीही थांबायचा, म्हणून थोरल्याने ती पट्टी एका फाटक्या पायजम्याच्या नाडीने वर बांधून टाकली होती. चिमी त्याच रुळावर चादरी लावायची. नणंद वारली तेव्हा चिमी मामीच्या पदरात आली होती, तेव्हापासून म्हातारीने तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली.

त्या दुपारी म्हातारी इस्पितळातून परतली ती कोणाशी न बोलता सरळ ऑफिसात शिरली. चिमीचा हात मनगटापासून काढला होता. डॉक्टरांनी वाचवायची शिकस्त केली, पण भाजून आणि चेंगरून त्यात काही उरलं नव्हतं. पांढऱ्या गुंडाळीकडे बघत चिमी म्हणाली होती, "मामी, रिपोर्टात माझीच चूक लिहिलीय ना?"

"तुला कोण म्हणालं?"

"दादाचा फोन आला होता. म्हणाला, कोणी विचारलं तर सांग, माझं लक्ष नव्हतं."

म्हातारीने तिच्या कपाळावर हात ठेवला. बोलली असती तर सगळा वॉर्ड जागा झाला असता.

ऑफिसात सून दुसऱ्या टेबलावर बिलं लावत होती. थोरल्याने मान वर केली नाही.

"गेला का रिपोर्ट?"

"आज संध्याकाळी पाचपर्यंत मुदत आहे, आई. ती किती दिवस कामावर येणार नाही, तो रकाना लाल चांदणीचा आहे. तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकतच नाही. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. अर्धवट कसा पाठवू?"

"मग त्या सुरक्षा कार्यालयाला विचारलंस का?"

"सरकारी लोकांना आपणहून कोण फोन करतं?"

"मी करते," म्हातारी म्हणाली. "सूनबाई, लाव तो नंबर. आणि मोठ्याने ऐकू येईल असं कर."

कामगार सुरक्षा कार्यालयातल्या बाईंचा आवाज कोरडा होता, पण समजावून सांगणारा. जे माहीत आहे ते लिहा, त्या म्हणाल्या. दिवसांच्या रकान्यात 'अद्याप माहीत नाही' असा पर्याय आहे, तो निवडा, नंतर माहिती भरता येते. मुदत मात्र चुकवू नका. हात काढावा लागला म्हणजे गंभीर दुखापत. ती तुम्ही त्याच दिवशी फोनवर कळवायला हवी होती. ती चूक झालीच आहे, आता उशिराचं कारणही लिहावं लागेल. आणि चौकशी होईपर्यंत यंत्राला हात लावू नका.

म्हातारीने मुलाकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता.

फोन ठेवून ती म्हणाली, "आता कसली अडचण?" खुर्ची ओढून ती पडद्याशी बसली. शाळा तिने चौथीतच सोडली होती. पण अक्षर ओळखत होती, आणि माणसंही. बोट ठेवत, अडखळत तिने वाचायला सुरुवात केली.

"काय घडलं... 'कामगाराने निष्काळजीपणे हात घातला.' बरं. पट्टी होती का... 'होती आणि चालू होती.' व्वा! साक्षीदार... 'कोणी नाही.'" ती थांबली. "कोणी नाही? अरे, मी रुळाच्या पलीकडे घड्या घालत होते. मी काय खांब होते?"

"आई, तू यात पडू नकोस."

"ती किंचाळली तेव्हा लाल बटण कोणी दाबलं? तुझ्या आज्याने?"

सुनेने पदराने डोळे पुसले. थोरला उठून दाराशी गेला, परत आला. "पट्टी आता नीट आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "मी काल सोडली. जागेवर बसवली. तपासायला येतील तेव्हा चालूच दिसेल."

"नाडी कुठंय?"

म्हातारी उठली, टेबलाखालची कचऱ्याची बादली पालथी केली. चुरगळलेल्या पावत्यांमध्ये नाडी सापडली, दोन ठिकाणी कापलेली, एका टोकाला रुळाला लावायच्या मेणाचा डाग. तिने ती टेबलावर ठेवली.

"सगळ्याच लाँड्र्यांत बांधतात, आई. दिवसातून दहादा रूळ थांबायचा. हॉटेलवाले माल वेळेवर मागायचे. मला काय माहीत होतं..."

"तुला माहीत होतं. चिमीने तुला दोनदा सांगितलं होतं, माझ्यादेखत. तू म्हणालास, आज उरकून घे, उद्या सोडतो." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "आणि मीही घड्या घालत राहिले."

बाहेर धुण्याचं यंत्र पाणी सोडत होतं.

"सूनबाई, बस इथे. मी सांगते ते लिही."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली, आणि ती बसली. निष्काळजीपणाचं वाक्य पुसलं. त्या जागी आलं: चादर रुळात सरळ करताना उजवा हात आत ओढला गेला. पट्टीच्या रकान्यात 'होती पण बंद केलेली होती.' खाली तिने लिहायला लावलं की पट्टी नाडीने बांधलेली होती, अपघातानंतर ती सोडून पुन्हा बसवली आहे, नाडी जपून ठेवली आहे. साक्षीदारात म्हातारीचं पूर्ण नाव. दिवसांच्या रकान्यात 'अद्याप माहीत नाही.'

उशिराच्या कारणाशी सुनेची बोटं थांबली. "इथे काय लिहू?"

"खरं लिही. घाबरलो होतो."

मुदतीला जेमतेम वेळ उरला असताना फॉर्म गेला. पोच क्रमांक आला, आणि खाली ओळ आली की निरीक्षक उद्या येतील, तोवर यंत्र बंद ठेवावं. म्हातारीने स्वतः जाऊन कालपासून पुन्हा चालू असलेल्या रुळाचं बटण बंद केलं. तापलेला रूळ थंड होताना टिकटिक करत राहिला. चिमीची चप्पल अजून त्याच्या पायथ्याशी होती, एक सरळ, एक उलटी. तिने दोन्ही उचलून छातीशी धरल्या.

थोरला मागे येऊन उभा होता. "आई, आता लाँड्री बंद पडेल. मला शिक्षाही होईल. तू तरी मला वाईट समजू नकोस."

म्हातारी वळली.

"तू वाईट नाहीस रे, तेच तर दुःख आहे. वाईट असतास तर तुला हाकलून देऊन मी दोन घास गिळले असते. तू भित्रा आहेस. तुझी भीती झाकायला पोरीचा हात पुरला नाही, तिचं नावही बुडवायला निघाला होतास. उद्या निरीक्षक येईल तेव्हा तू इथेच उभं राहायचं, आणि ती नाडी तूच त्याच्या हातात द्यायची. पण आधी, आत्ता, या चपला घे आणि इस्पितळात जा. तिच्यासमोर उभा राहा आणि सांग, चिमे, तुझं लक्ष होतं."