अकरा दिवसांची पेन्शन

ते साल अठ्ठ्याण्णव. हे अकरा मार्चला गेले आणि पंचविसाला भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, टाइप केलेला कागद घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

हे गेले ते माझ्या घरातून नव्हे. सर्व्हे खात्यात नकाशे काढण्यात जन्म घालवला आणि रिटायर झाल्यावर वर्षभरात ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईकडे राहायला गेले. घटस्फोट ना त्यांनी मागितला, ना मी दिला. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाले होते, माझी पेन्शन मला पुरत होती. नऊ वर्षं मी त्यांचं नाव तोंडात घेतलं नाही. त्या घरी भाऊजींचं मात्र जाणं-येणं होतं. तिच्या हातचं जेवून माझ्याकडे येऊन म्हणायचे, "दादा मजेत आहे हं."

भाऊजी हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. घरातला प्रत्येक फॉर्म त्यांच्या सल्ल्यानं भरला जायचा.

"वहिनी, नवरा-बायको दोघंही पेन्शनर असले की एकाला दोन पेन्शन मिळत नाहीत," ते म्हणाले. "तुमची तुम्हाला आहेच. दादाची फुकट जाण्यापेक्षा तिला मिळू द्या. दादानं नॉमिनेशन तिच्याच नावावर केलंय. तुमची हरकत नाही एवढं लिहून द्या."

"तिनं पाठवलं का तुम्हाला?"

"बिचारी खोलीचं भाडं कशातून भरणार? त्याच पैशावर चाललं होतं."

एवढं कळलं आणि माझं ठरलं. मी म्हटलं, "देते सही. पण पेन्शन ऑफिसात, साहेबांसमोर. तिलाही घेऊन या."

मधल्या दोन दिवसांत मी एकटी तिथे जाऊन सगळं विचारून आले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या दिवशी सेक्शनमध्ये रांग होती. ती भाऊजींच्या मागे उभी राहिली, हातात कापडी पिशवी, बोटाला सुईचे टोचे. भाऊजींनी साहेबांपुढे नियम सांगायला सुरुवात केली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हेडक्लार्क कुठल्या खात्यात होतात?"

रांगेतलं कोणीतरी हसलं.

"बाईंची पेन्शन ही त्यांच्या स्वतःच्या नोकरीची," साहेब म्हणाले. "नवऱ्याच्या नोकरीवरची ती फॅमिली पेन्शन. या हयात आहेत तोवर दोन्ही मिळतील. यांच्या स्वतःच्या नोकरीवरची फॅमिली पेन्शन निघेल ती या गेल्यावर, आत्ता तिचा प्रश्नच नाही. तुम्ही ऐकलंय ते मुलांबद्दल. आई-वडील दोघंही पेन्शनर होते, दोघंही गेले, तर पात्र मुलाला दोन्ही फॅमिली पेन्शन मिळतात, पण ठरलेल्या मर्यादेतच."

"पण नॉमिनेशन?" भाऊजींनी विचारलं.

"फॅमिली पेन्शनला नॉमिनेशन चालत नाही. ती कायद्यानं बायकोची." साहेबांनी फाईल उघडून आमच्याकडे वळवली. पेन्शनच्या आदेशावर आम्हा दोघांचा फोटो होता. रिटायर होताना जोडीनं काढलेला, मी चष्मा काढून ठेवलेला. "नॉमिनेशन फक्त थकबाकीचं. एक मार्चपासून अकरा मार्चपर्यंतची पेन्शन. तेवढी या दुसऱ्या बाईंना मिळेल."

मी म्हटलं, "द्या त्यांना. अकरा दिवसांवर माझी काही हरकत नाही."

ती फोटोकडे बघत होती. "तीन वर्षं त्यांना मीच उचलून बसवत होते," ती म्हणाली. कोणाला उद्देशून, कळलं नाही.

"मग अर्जावर तसं लिहा," मी म्हटलं. "रकाना असला तर."

तिनं अर्ज घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. ते बोलायला नको होतं, असं माझा मुलगा नंतर हे ऐकून म्हणाला. मला अजून तसं वाटत नाही.

भाऊजींना त्यानंतर घरात कोणी फॉर्म दाखवला नाही. ते गेले तेव्हा जाऊबाई, स्वतः रिटायर झालेल्या नर्स, पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आल्या. कुठे जायचं ते मी सांगितलं. दोन्ही पेन्शन त्यांनी मजेत घेतल्या.

मुलगा माझ्याशी वर्षभर बोलला नाही. मग बोलायला लागला, पण त्या दिवसाबद्दल नाही.

तिनं चार महिन्यांत खोली सोडली आणि बहिणीकडे गेली.

यांच्या नोकरीवरची फॅमिली पेन्शन यांच्या पेन्शनपेक्षा कमीच होती, पण ती मी घरात खर्च केली नाही. दर वर्षी त्या पैशातून एक प्रवास केला आणि पोचले त्या गावाहून तिला बहिणीच्या पत्त्यावर चित्राचं कार्ड टाकलं, मागे एकच ओळ: "यांच्या कृपेनं इथे आले." सहाव्या वर्षी कार्ड परत आलं, पत्ता बदलल्याचा शिक्का मारून. नवा पत्ता शोधायला मला दोन महिने लागले. सातवं कार्ड वेळेवर गेलं.

आता गुडघे चालत नाहीत. दर नोव्हेंबरात मुलगा धरून पेन्शन ऑफिसात नेतो. मी जिवंत आहे आणि दुसरं लग्न केलेलं नाही, असं लिहून सही करते. येताना स्टेशनरीच्या दुकानातून कार्ड घेते.