स्टार चार एक दोन

"आप्पा, तुम्ही बोलू नका. दम लागतो."

सूनबाईंनी सोमवारच्या सकाळपासून हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यांचं त्यांनाच ऐकू येईनासं झालं होतं. सासऱ्यांच्या पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं मशीन पहाटे लाल दिवा लावून जे पीं-पीं करायला लागलं, ते शेवटी बंदच पडलं. आता आप्पांच्या नाकातली नळी कोपऱ्यातल्या सिलिंडरला जोडली होती आणि सिलिंडरचा काटा सांगत होता, संध्याकाळी सातपर्यंत. पाचपर्यंत दुसरं मशीन आलं नाही तर सरळ दवाखाना गाठायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दवाखान्याचं नाव काढलं की आप्पांचा चेहरा उतरायचा. मागच्या खेपेला अठरा दिवस वॉर्डात काढले होते बिचाऱ्यांनी.

मशीन भाड्याचं, कंपनी दुसऱ्या गावची, आणि कंपनीकडे जायचा रस्ता एकच, हेल्पलाइन.

सूनबाई पडद्यांच्या शिलाईची कामं घेत. हात भरभर चालायचा, जीभही. फोनवरची रेकॉर्ड केलेली बाई "भाषेसाठी एक" म्हणते न म्हणते तोच त्यांनी शून्य दाबलं. कुणीतरी सांगितलं होतं, शून्य दाबलं की माणूस मिळतो. इथे मिळालं, "चुकीचा पर्याय". पुन्हा शून्य, पुन्हा चुकीचा पर्याय, आणि तिसऱ्या वेळी त्या बाईने "धन्यवाद" म्हणून फोनच कापला. मग मुकाट एक, तीन, दोन दाबून रांगेत थांबल्या, तर सदतीस मिनिटं नुसतं संगीत. शेवटी तेही तुटलं.

"मेली!" त्या म्हणाल्या. पलंगावरून आप्पांनी हात वर केला. "आप्पा, बोलू नका हो!"

आप्पांनी कपाळाला हात लावला. मग पेन्सिल मागून घेतली आणि औषधाच्या खोक्यावर लिहिलं: *पूर्ण ऐक. काही दाबू नकोस.*

आप्पा एका मोठ्या कचेरीत तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं, हाच त्यांचा धंदा. सकाळपासून स्पीकरवरचा तो सगळा तमाशा ते पडल्या पडल्या ऐकत होते.

सूनबाईंनी फोन लावला आणि हात मांडीखाली दाबून धरला. बाई बोलत राहिली, एक, दोन, तीन, चार... आणि अगदी शेवटी, घाईत उरकल्यासारखं, "एक्स्टेन्शन माहीत असल्यास स्टार दाबून क्रमांक दाबा."

इतक्या वेळा फोन केला, पण तिथवर त्यांनी कधी पोहोचूच दिलं नव्हतं.

आप्पांनी मशीनच्या पाठीकडे बोट दाखवलं. मशीन बसवणाऱ्या माणसाकडून त्यांनी हट्टाने तिथे लिहून घेतलं होतं: सर्व्हिस ४१२. सूनबाईंनी लगेच स्टार चार एक दोन दाबलं. घंटा वाजत राहिली, कुणी उचललं नाही, आणि फोन पुन्हा त्याच सदतीस मिनिटांच्या रांगेत जाऊन पडला. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

आप्पांनी घड्याळ दाखवलं. सव्वा एक. खोक्यावर लिहिलं: *सोमवार. सकाळी सगळे तुटून पडतात. आता जेवणाची सुट्टी, टेबलं रिकामी. पावणेतीनला कर.*

"दीड तास वाया घालवू? काटा बघा ना, आप्पा!"

आप्पांनी नुसतं डोळे मिटून मान हलवली. त्या दीड तासात सूनबाईंनी एक टाकादेखील घातला नाही. काट्याकडे पाहत बसल्या. मनातून सासऱ्यांवर रागही आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

पावणेतीन. स्टार चार एक दोन. दुसऱ्याच घंटेला एक माणूस म्हणाला, "सर्व्हिस, बोला."

खराखुरा माणूस! आप्पांनी टिचकी वाजवली, तेव्हा कुठे सूनबाईंनी मशीनचा नंबर, लाल दिवा, सिलिंडर, सगळं एका दमात सांगितलं. तक्रार क्रमांक मिळाला, जवळच्या गोदामातून बदली मशीन निघालं. आप्पांनी खोक्यावर लिहून दिल्याप्रमाणे त्यांनी फोनमध्ये कंपनीचा नंबर, त्यापुढे विराम घेणारे बरेचसे स्वल्पविराम आणि मग स्टार चार एक दोन, असा साठवून ठेवला. पुढच्या वेळी बाई बोलून संपेपर्यंत फोन आपण होऊन थांबेल आणि पुढचं दाबेल.

पाचला दहा मिनिटं असताना मशीन आलं. बसवलं, चालू झालं, हिरवा दिवा लागला. तासाभरात आप्पांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन त्र्याण्णव दिसला आणि सूनबाई मटकन खुर्चीत बसल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"आप्पा, सकाळीच का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो की," आप्पा सावकाश म्हणाले. "सोळा वेळा गप्प केलंस. मोजलंय."

सूनबाईंना हसू फुटलं आणि त्यातच रडूही. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"आता बोला," त्या म्हणाल्या. "मी काही दाबत नाही."

आणि थांबत थांबत, मध्ये श्वास घेत, आप्पा रात्रीच्या जेवणापर्यंत बोलत राहिले.